फरक शोधत जा, सारखेपण आपोआप उरेल

एका तारेवरून बिट येत आहेत. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एक, ० किंवा १. या प्रवाहात १०११ हा क्रम जेव्हा जेव्हा पूर्ण होईल, तेव्हा त्याच ठोक्याला आपल्या सर्किटने १ असे आउटपुट द्यायचे आहे, एरवी ०. एका क्रमाचा शेवट दुसऱ्याची सुरुवात ठरत असेल, तर तोही मोजायचा. म्हणजे १०११०११ या सात बिटांत हा क्रम दोनदा सापडला पाहिजे. सीरियल संदेशवहनात अशी ओळख पटवण्याचे काम सतत चालू असते. एचडीएलसी या प्रोटोकॉलमध्ये चौकटीची हद्द दाखवायला मध्ये सहा एक असलेला ०११११११० हा आठ बिटांचा ध्वज वापरतात, आणि घेणाऱ्या बाजूला तो प्रवाहातून असाच वेचून काढावा लागतो. आपला नमुना चारच बिटांचा आहे, म्हणून तो कागदावर पूर्ण सोडवता येतो.

पहिला विचार अगदी सरळ असतो. चार बिट ओळखायचे, तर आधीचे तीन लक्षात ठेवू आणि चौथा आला की तपासू. तीन बिटांचे आठ प्रकार होतात, म्हणून मशीनच्या अवस्था आठ. प्रत्येक अवस्थेचे नाव म्हणजे शेवटचे तीन बिट. नवा बिट आला की सर्वांत जुना गळतो आणि नवा उजवीकडे लागतो. सुरुवात ००० पासून. अशा यंत्राला फिनाइट स्टेट मशीन म्हणतात: मोजक्या अवस्था, आणि प्रत्येक इनपुटला पुढची अवस्था कोणती व आउटपुट काय हे सांगणारा एक तक्ता. आपला तक्ता असा होतो. तिरक्या रेषेच्या आधी पुढची अवस्था आहे, नंतर आउटपुट.

```
अवस्था    इनपुट ०     इनपुट १
०००      ००० / ०    ००१ / ०
००१      ०१० / ०    ०११ / ०
०१०      १०० / ०    १०१ / ०
०११      ११० / ०    १११ / ०
१००      ००० / ०    ००१ / ०
१०१      ०१० / ०    ०११ / १
११०      १०० / ०    १०१ / ०
१११      ११० / ०    १११ / ०
```

संपूर्ण तक्त्यात आउटपुट १ एकाच ठिकाणी आहे: १०१ या अवस्थेत असताना १ आला तर. मशीन बरोबर आहे. प्रश्न असा की या आठही अवस्थांची खरोखर गरज आहे का? ००० आणि १०० या ओळी पाहा. दोन्ही अवस्थांतून पुढे जाणाऱ्या वाटा अगदी एकच आहेत. मग त्या वेगळ्या ठेवून मशीन नेमके काय लक्षात ठेवते आहे? तीन बिटांपूर्वी एक १ येऊन गेला होता एवढेच, आणि त्या माहितीचा पुढे कधीच उपयोग होत नाही.

अशी निरुपयोगी आठवण शोधून काढायची आणि ती सांभाळणाऱ्या अवस्था एकत्र करायच्या, याला स्टेट मिनिमायझेशन म्हणतात. डेव्हिड हफमन यांनी १९५४ मध्ये, जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये आणि एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांतून या विषयाचा पाया घातला गेला. वर दिलेल्या मशीनसारख्या, अवस्था आणि इनपुट या दोन्हींवर आउटपुट ठरणाऱ्या मशीनला आजही मीली मशीन म्हणतात. आउटपुट फक्त अवस्थेवर ठरत असेल, तर मूर मशीन. इम्प्लिकेशन टेबल नावाचा जो तक्ता आता आपण भरणार आहोत, तो पॉल आणि अंगर यांच्या १९५९ च्या लेखाशी जोडला जातो.

दोन अवस्था सारख्या म्हणजे काय

व्याख्या आधी नीट बसवून घेऊ, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातूनच निघते. समजा एकाच मशीनच्या दोन प्रती बंद डब्यांत ठेवल्या आहेत. एक प्रत एका अवस्थेत आहे, दुसरी दुसऱ्या. आपल्याला आत पाहता येत नाही. दोन्हींना एकच इनपुट द्यायचे आणि बाहेर येणारे आउटपुट पाहायचे, एवढीच मुभा आहे. कितीही लांब आणि कोणतीही इनपुट-मालिका दिली तरी दोन्हींचे आउटपुट शेवटपर्यंत जुळत राहिले, तर त्या दोन अवस्था समतुल्य. एखादी जरी मालिका फरक दाखवणारी निघाली, तर त्या वेगळ्या.

या व्याख्येत एक अडचण दिसते. इनपुट-मालिका अनंत आहेत. सगळ्या देऊन कोण पाहणार? पण व्याख्येच्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत. समतुल्यता सिद्ध करायला अनंत मालिका लागतात, तर वेगळेपण सिद्ध करायला एकच मालिका पुरते. म्हणून शहाणपण यात आहे की सारखेपणाच्या मागे लागायचेच नाही. फरक शोधत राहायचे, तोही शिस्तीने, एकही वाट न सोडता. फरक सापडायचे थांबले की जे उरले ते समतुल्य. इम्प्लिकेशन टेबल म्हणजे या शोधाची नोंदवही.

तक्ता आखणे

अवस्थांच्या प्रत्येक जोडीसाठी एक घर हवे. ०००–००१ आणि ००१–००० या वेगळ्या जोड्या नाहीत, आणि अवस्थेची स्वतःशी तुलना करण्यात अर्थ नाही. म्हणून चौकोनाचा निम्माच भाग लागतो: डावीकडे पहिली अवस्था सोडून बाकीच्या उभ्या लिहायच्या, खाली आडव्या बाजूला शेवटची सोडून बाकीच्या. आकार जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा होतो. n अवस्था असतील तर घरे n(n−१)/२. आठ अवस्थांसाठी २८.

प्रत्येक घरात एक प्रश्न उभा असतो: या दोघी सारख्या असतील, तर आणखी कोणकोणत्या जोड्या सारख्या असाव्या लागतील? उत्तर स्टेट टेबलमधून थेट मिळते. ००१ आणि ०११ ही जोडी घ्या. इनपुट ० दिला तर पहिली ०१० ला जाते, दुसरी ११० ला. इनपुट १ दिला तर पहिली ०११ ला, दुसरी १११ ला. म्हणजे ००१ आणि ०११ सारख्या असायच्या, तर ०१०–११० आणि ०११–१११ या दोन्ही जोड्या सारख्या असल्याच पाहिजेत. या दोन जोड्या घरात लिहून ठेवायच्या. त्या या घराच्या अटी. दोन्ही अवस्था एकाच ठिकाणी जात असतील तर त्या इनपुटसाठी अट नाही. ०००–१०० या घरात म्हणूनच काही लिहावे लागत नाही. दोन्ही इनपुटांना त्या एकाच जागी पोहोचतात.

पहिली फेरी: आउटपुट

अटी पाहण्याआधी सर्वांत उघड फरक टिपायचा. ज्या दोन अवस्थांचे आउटपुट कोणत्याही एका इनपुटला वेगळे आहे, त्या घरावर फुली. आपल्या मशीनमध्ये १०१ ही एकटीच इनपुट १ ला १ देते, बाकी सातजणी ० देतात. म्हणून १०१ च्या साती घरांवर फुली. फरक दाखवणारी मालिका एका बिटाची: नुसता १.

मीली मशीनमध्ये इथे प्रत्येक इनपुटचे आउटपुट वेगवेगळे तपासावे लागते, एकच पाहून पुढे जाता येत नाही. आपल्या तक्त्यात फक्त इनपुट ० चा रकाना पाहिला असता, तर एकही फुली पडली नसती आणि आठही अवस्था एक आहेत असा निष्कर्ष निघाला असता.

दुसरी फेरी: अटी मोडतात

आता उरलेली २१ घरे एकेक करून पाहायची आणि विचारायचे: इथे लिहिलेल्या अटींपैकी एखादीवर आधीच फुली पडली आहे का? पडली असेल तर या घरावरही फुली. कारण साधे आहे. तो एक इनपुट दिला की मशीन अशा दोन अवस्थांत पोहोचतात ज्या वेगळ्या आहेत हे आपल्याला आधीच कळले आहे.

१०१ ला कोण पोहोचते? इनपुट १ दिला असता ०१० आणि ११०. म्हणून ०१० किंवा ११० यांपैकी एक आणि ०००, ००१, ०११, १००, १११ यांपैकी एक, अशा प्रत्येक जोडीच्या अटींत १०१ ची एक फुली पडलेली जोडी आहे. उदाहरणार्थ ०१० आणि ०००: इनपुट १ ला त्या १०१ आणि ००१ ला जातात, आणि १०१–००१ वर फुली आहे. अशी १० घरे या फेरीत पडतात. मात्र ०१० आणि ११० यांची आपसातली जोडी टिकते, कारण दोघीही एकाच १०१ ला जातात.

तिसरी फेरी, आणि थांबणे

आता ११ घरे उरली. दुसऱ्या फेरीत नव्या फुल्या पडल्या, म्हणून पुन्हा सगळी उरलेली घरे पाहणे भाग आहे. ०००–००१ घ्या. इनपुट ० ला त्या ००० आणि ०१० ला जातात, आणि ०००–०१० वर आत्ताच फुली पडली. म्हणून ०००–००१ ही पडते. याच कारणाने ०००, १०० या दोघी आणि ००१, ०११, १११ या तिघी यांच्यातल्या सहाही जोड्या पडतात.

पाच घरे उरली. चौथी फेरी मारू. ०००–१००, ०१०–११० आणि ०११–१११ यांना अटीच नाहीत. ००१–०११ आणि ००१–१११ यांच्या अटी ०१०–११० आणि ०११–१११ याच आहेत, आणि त्या दोन्हींवर फुली नाही. या फेरीत एकही नवी फुली पडली नाही. आता पुढे कितीही फेऱ्या मारल्या तरी काही बदलणार नाही, म्हणून थांबायचे. भरलेला तक्ता असा दिसतो; अंक कोणत्या फेरीत फुली पडली ते सांगतो, आणि = म्हणजे घर टिकले.

```
००१   ३
०१०   २    २
०११   ३    =    २
१००   =    ३    २    ३
१०१   १    १    १    १    १
११०   २    २    =    २    २    १
१११   ३    =    २    =    ३    १    २
     ०००  ००१  ०१०  ०११  १००  १०१  ११०
```

पहिल्या फेरीत ७, दुसऱ्या फेरीत १०, तिसऱ्या फेरीत ६ फुल्या, आणि ५ घरे टिकली. बेरीज २८. हाताने तक्ता भरताना ही बेरीज करून पाहावी, एखादे घर सुटले असेल तर लगेच कळते.

हाताने सोडवताना सर्वांत जास्त चुका होतात त्या लवकर थांबल्यामुळे. दुसऱ्या फेरीनंतर थांबलो असतो, तर ०००–००१ हे घर टिकले असते आणि "अजून काहीच जुळले नाही" व "पहिला १ आला" या दोन गोष्टी आपण एक केल्या असत्या. असे मशीन पुढे चुकीची उत्तरे देते. थांबण्याची खूण एकच: एक पूर्ण फेरी कोरडी गेली पाहिजे.

चूक पकडायला आणखी एक चाचणी आहे. समतुल्यता ही साखळीने पुढे जाते: पहिली दुसरीसारखी आणि दुसरी तिसरीसारखी असेल, तर पहिली तिसरीसारखी असलीच पाहिजे. आपल्या तक्त्यात ००१–०११ आणि ०११–१११ टिकले, म्हणून ००१–१११ टिकायलाच हवे, आणि ते टिकले आहे. तिघांपैकी दोन घरे मोकळी आणि तिसऱ्यावर फुली, असे चित्र दिसले की कुठेतरी फुली मारायची राहिली आहे किंवा एखादी जास्त पडली आहे, हे नक्की समजावे.

आठाचे चार

टिकलेल्या घरांवरून गट पडतात. ००० आणि १०० एकत्र. त्यांना P म्हणू. ००१, ०११, १११ एकत्र, तो Q. ०१० आणि ११० एकत्र, तो R. १०१ एकटी, ती S. प्रत्येक गटातून एक प्रतिनिधी घेऊन नवा तक्ता लिहायचा.

```
अवस्था    इनपुट ०    इनपुट १
P        P / ०     Q / ०
Q        R / ०     Q / ०
R        P / ०     S / ०
S        R / ०     Q / १
```

या चार गटांना अर्थ आहे, आणि तो आपण घातलेला नाही, तक्त्याने शोधून दिलेला आहे. P म्हणजे १०११ पैकी अजून काहीच जुळलेले नाही. Q म्हणजे पहिला १ जुळला. R म्हणजे १० जुळले. S म्हणजे १०१ जुळले, एकाची वाट आहे. मशीनने शेवटचे तीन बिट लक्षात ठेवायची गरजच नव्हती. नमुन्याचा किती भाग जुळून आला आहे एवढे पुरेसे होते. S मध्ये असताना ० आला तर P पर्यंत मागे न जाता R ला का जायचे, तेही तक्त्यातून आपोआप आले: १०१० मधले शेवटचे १० अजून उपयोगी आहे. अनुभवी माणूस ही चार अवस्थांची रचना विचार करून थेट लिहू शकतो, पण S कडून R कडे जाणारी ही वाट अनेकांच्या हातून चुकते. इम्प्लिकेशन टेबल वापरणाऱ्याला सुरुवातीला हुशार असावे लागत नाही. ढोबळ पण बरोबर मशीन लिहायचे, आणि जादाचे काढण्याचे काम तक्त्यावर सोपवायचे.

फुली न पडणे हा पुरावा कसा

फुली का पडते ते पटते. पण टिकलेल्या घराबद्दल शंका राहते. तिथे आपण काहीच सिद्ध केले नाही, फक्त फरक सापडला नाही असे म्हटले. मग अवस्था एकत्र करायचा अधिकार कुठून आला?

ही शंका ज्या मशीनमध्ये सर्वांत टोकदार होते ते असे. एक फिरवायची कळ आहे, सहा खाचांची, ० ते ५. ती एकेक खाच उजवीकडे किंवा डावीकडे फिरते, आणि ५ नंतर पुन्हा ० येते. खाच ० आणि ३ वर दिवा लागतो, बाकी चारांवर बंद. सहा अवस्था, दोन इनपुट. इथे कोणत्याही दोन ओळी एकसारख्या नाहीत, म्हणून नुसत्या ओळी जुळवून पाहिल्या तर काहीच हाती लागत नाही. तक्त्यात १५ घरे आहेत. दिव्यातल्या फरकामुळे ८ पडतात. मग १–२, १–५, २–४ आणि ४–५ ही चार पडतात, कारण कळ उजवीकडे एक खाच फिरवली की प्रत्येकीत एक मशीन दिव्याच्या खाचेवर येते आणि दुसरे येत नाही. उरतात तीन: ०–३, १–४ आणि २–५.

या तिघांच्या अटी पाहा. ०–३ सारख्या असायला १–४ आणि २–५ सारख्या हव्यात. १–४ साठी २–५ आणि ०–३ हव्यात. २–५ साठी ०–३ आणि १–४. तिघेही एकमेकांच्या खांद्यावर उभे आहेत आणि खाली जमीन दिसत नाही. "आधी सारखेपण सिद्ध करा, मगच एकत्र करा" असा नियम असता, तर आपण या वर्तुळात कायम फिरत राहिलो असतो.

पण व्याख्येकडे परत गेले की गाठ सुटते. समजा दोन मशीन ० आणि ३ मध्ये आहेत. दोन्हींचे दिवे जुळतात, कारण त्या घरावर पहिल्या फेरीत फुली नव्हती. आता कोणताही इनपुट द्या. दोन्ही मिळून त्या तीन टिकलेल्या जोड्यांपैकीच एकीत जातील, कारण अटींत त्यांच्याशिवाय काही नाहीच. तिथेही दिवे जुळतात. पुन्हा इनपुट, पुन्हा त्या तिघांतच. या घेऱ्यातून बाहेर पडून फुलीच्या घरात जाण्याची वाटच नाही, म्हणून आउटपुट कधीच वेगळे पडणार नाही, मालिका कितीही लांब असो. टिकलेल्या घरांचा संच स्वतःत बंदिस्त असतो, आणि हा बंदिस्तपणाच समतुल्यतेचा पुरावा आहे. शेवटची कोरडी फेरी खरे तर हेच तपासत असते. सहा खाचांची ती कळ तीन अवस्थांत मावते, कारण दिव्याला फक्त तीनाने भागून उरणारी बाकी कळायला हवी.

उलट बाजूनेही हा हिशोब पूर्ण आहे. k व्या फेरीत पडलेल्या फुलीमागे नेमकी k बिटांची फरक-मालिका असते. ०००–००१ वर तिसऱ्या फेरीत फुली पडली. तिचे कारण होते इनपुट ० ला ०००–०१०. त्याचे कारण इनपुट १ ला ००१–१०१. त्याचे कारण इनपुट १ चे आउटपुट. क्रमाने वाचले की मालिका मिळते: ०, १, १. ००१ पासून सुरू केले तर १०११ पूर्ण होतो आणि तिसऱ्या बिटाला १ मिळतो. ००० पासून तीनही वेळा ० येतो. मूर यांनी १९५६ मध्ये दाखवले की n अवस्थांच्या मशीनमध्ये कोणत्याही दोन वेगळ्या अवस्थांसाठी n−१ बिटांपर्यंतची एक तरी मालिका पुरते. म्हणून फुल्या पडणाऱ्या फेऱ्याही n−१ हून जास्त होत नाहीत. अनंत मालिकांची ती भीती इथे पूर्ण मिटते.

पद्धतीच्या मर्यादा

पहिली मर्यादा आकाराची आहे. घरे n च्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात. शंभर अवस्थांना ४९५० घरे होतात, आणि त्यावर फेऱ्या. मोठ्या मशीनसाठी संगणक वेगळी वाट धरतो. जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी १९७१ मध्ये दिलेली पद्धत जोड्या मांडत नाही. सगळ्या अवस्थांचा एक गट धरून तो फोडत जाते, आणि तिला लागणारा वेळ n log n या प्रमाणात वाढतो. विचार मात्र तोच: सगळ्या सारख्या मानून फरक दिसेल तिथे तोडणे.

दुसरी मर्यादा जास्त गंभीर आहे. काही मशीनमध्ये एखाद्या अवस्थेत एखादा इनपुट कधी येणारच नसतो, किंवा तिथले आउटपुट कुणी पाहणारच नसते. तक्त्यात तिथे रेघ मारून ठेवतात. समजा एका अवस्थेचे आउटपुट ०, दुसरीचे रेघ, तिसरीचे १. पहिली दुसरीशी जुळते, दुसरी तिसरीशी जुळते, पण पहिली आणि तिसरी जुळत नाहीत. साखळीचा नियम मोडला. आता घरावर फुली नसणे म्हणजे समतुल्यता नव्हे, फक्त सुसंगती. मधल्या अवस्थेला पहिलीबरोबर ठेवायचे की तिसरीबरोबर, की दोन्ही गटांत, हे निवडावे लागते, आणि ती निवड बाकीच्या जोड्यांवर परिणाम करते. पॉल आणि अंगर यांचा १९५९ चा लेख मुळात याच अपुऱ्या तक्त्यांविषयी होता. तक्ता तसाच भरायचा, पण त्यानंतर सुसंगत गटांची निवड हे वेगळे आणि खरोखर अवघड काम उरते. पूर्ण तक्त्यासाठी सर्वांत लहान मशीन एकच असते, नावे सोडली तर. अपुऱ्या तक्त्यासाठी अशी हमी नाही.

तिसरी मर्यादा आपल्याच उदाहरणात लपली आहे. आठ अवस्थांना तीन फ्लिप-फ्लॉप लागतात, चारांना दोन. पण आठ अवस्थांचे मशीन म्हणजे साधा शिफ्ट रजिस्टर आहे: तीन फ्लिप-फ्लॉप एकापुढे एक जोडलेले, आणि शेवटी एक अँड गेट. पुढची अवस्था काढायला एकही गेट लागत नाही. चार अवस्थांच्या मशीनला P, Q, R, S यांसाठी अनुक्रमे 00, 01, 10, 11 असे सांकेतिक अंक दिले, त्यांतल्या डाव्या बिटाला y1, उजव्याला y0, इनपुटला x आणि आउटपुटला z म्हटले, तर समीकरणे अशी येतात.

```
y0+ = x
y1+ = x'·y0 + x·y1·y0'
z   = x·y1·y0
```

एक फ्लिप-फ्लॉप वाचला, पण y1 साठी दोन अँड आणि एक ऑर गेट जोडावा लागला. फायदा झाला की तोटा, हे गेट आणि फ्लिप-फ्लॉप यांच्या किमतीवर ठरते. एफपीजीएमध्ये फ्लिप-फ्लॉप मुबलक असतात, आणि तिथे प्रत्येक अवस्थेला स्वतंत्र फ्लिप-फ्लॉप देण्याची पद्धतही सर्रास वापरतात. म्हणून कमीत कमी अवस्था म्हणजे कमीत कमी हार्डवेअर, असे समीकरण मांडता येत नाही. आठाच्या पाच अवस्था झाल्या असत्या तर साध्या बायनरी संकेतात एकही फ्लिप-फ्लॉप वाचला नसता, कारण पाचांनाही तीनच लागतात.

मग हे तंत्र हार्डवेअर वाचवण्यापलीकडे कशासाठी वापरायचे? माझ्या मते त्याचा सर्वांत भक्कम उपयोग चाचणीत आहे, आणि तिथे फुल्या टिकलेल्या घरांइतक्याच मोलाच्या ठरतात. बनवलेले सर्किट खरोखर आपल्या तक्त्याप्रमाणे चालते का हे बाहेरून तपासायचे, तर ते आत कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखता आले पाहिजे. फुल्यांमागच्या मालिका हेच करतात. आपल्या चार अवस्थांसाठी तीन मालिका पुरतात: १, ११ आणि ०११. पहिलीला लगेच १ मिळाला तर मशीन S मध्ये होते. दुसरीच्या दुसऱ्या बिटाला मिळाला, पहिल्याला नाही, तर R मध्ये. या दोन्हींना काही न मिळता तिसरीच्या शेवटच्या बिटाला मिळाला तर Q मध्ये. तिन्हींत कुठेच १ नाही तर P मध्ये. प्रत्येक मालिका देण्याआधी मशीन रीसेट करून पुन्हा त्याच अवस्थेत आणायचे, एवढेच पथ्य.

अवस्था मशीनवर आधारलेल्या सॉफ्टवेअरच्या चाचणीसाठी चौ यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत अशाच मालिकांच्या संचावर उभी आहे, आणि तिची एक पूर्वअट आहे: तपासायचे वर्णन आधी लहानात लहान केलेले असले पाहिजे. कारण उघड आहे. तक्त्यात समतुल्य अवस्था शिल्लक असतील, तर त्यांना वेगळी ओळखणारी मालिका अस्तित्वातच नसते, आणि चाचणी लिहिणारा अशा प्रश्नाचे उत्तर शोधत बसेल ज्याला उत्तर नाही. ००० आणि १०० यांतला फरक दाखवा असे कुणी म्हटले, तर इम्प्लिकेशन टेबलमधले ते एक मोकळे घर त्याला पूर्ण खात्रीने सांगते की असा फरक नाहीच.